घरपट्टीच्या बिलातली एक ओळ : महापौर, नगरसेवक आणि आयुक्तांना खुले पत्र

मा. महापौर, मा. नगरसेवक आणि नगरसेविका, मा. आयुक्त,

स.न.वि.वि.

यंदाच्या घरपट्टीच्या बिलात वृक्ष उपकराच्या खाली एक नवी ओळ आली आहे : 'उपयोगकर्ता शुल्क – कचरा संकलन'. दरमहा ६० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२०. तिच्याखाली 'मागील फरक' म्हणून गेल्या दोन वर्षांचे १,४४०. बिलाच्या पाठीमागे नेहमीची छापील सूचना आहे की मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागेल. ही सूचना संपूर्ण बिलाला आहे, म्हणजे या नव्या ओळीलाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही वकील, सनदी लेखापाल आणि स्थानिक कराचे काम वर्षानुवर्षे करणारे लोक आहोत. आम्ही याच शहरात राहतो आणि हेच बिल भरतो. महापालिकेला पैसा लागतो आणि कचरा फुकट उचलला जात नाही, हे आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप ६० रुपयांच्या आकड्यापुरता नाही. ही रक्कम मंजूर करताना तुम्ही तिला शुल्क म्हणालात आणि वसूल करताना तिला कर करून टाकलेत. राज्यघटना ही मोकळीक कोणत्याच महापालिकेला देत नाही.

मुळापासून सांगतो, कारण सभागृहातल्या चर्चेत कर, शुल्क आणि उपकर हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले.

घटनेचे कलम २६५ एका ओळीचे आहे : कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसवता येणार नाही आणि गोळाही करता येणार नाही. बसवणे आणि गोळा करणे या दोन्हींना कायदा लागतो. असा कायदा कोण करू शकते, हे सातव्या अनुसूचीत ठरलेले आहे. राज्याच्या यादीत राज्याला कोणकोणते कर बसवता येतात याच्या नोंदी एकेक करून दिल्या आहेत आणि जमिनी व इमारतींवरील कर ही त्यातली ४९ क्रमांकाची नोंद. घरपट्टीचा उगम तिथे आहे. जीएसटीसारखी घटनेतच वेगळी तरतूद नसेल, तर ज्या कराची नोंद राज्याच्या यादीत नाही, तो राज्याला बसवता येत नाही. यादीबाहेर उरलेला करांचा अधिकार केंद्राकडे जातो. शुल्काची नोंद वेगळी आहे, क्रमांक ६६. राज्याच्या यादीतल्या कोणत्याही विषयाबाबत राज्याला शुल्क घेता येते, फक्त न्यायालयात घेतले जाणारे शुल्क त्यातून वगळलेले आहे. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय त्याच यादीत असल्याने कचऱ्याबाबत शुल्क घेताच येणार नाही, असे आम्ही म्हणत नाही.

महापालिकेला मात्र यातले काहीही थेट मिळत नाही. कलम २४३-भ सांगते की राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने अधिकार दिला, तरच आणि तेवढाच, नगरपालिकांना कर, पथकर, शुल्क घेता येईल. आपल्याला तो अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून येतो. त्यात जे लिहिलेले नाही, ते ठरावाने निर्माण होत नाही. अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाने मूळ कायद्यात स्पष्ट अधिकार नसताना नियमावलीतून विकास शुल्क लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ते टिकू दिले नाही. कर असो की शुल्क, ते घेण्याचा अधिकार मूळ कायद्यात स्पष्ट शब्दांत असला पाहिजे, तो गृहीत धरता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

आता कर आणि शुल्क यांतला फरक. त्याचा पाया १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात आहे. मद्रासच्या कायद्याने धार्मिक संस्थांकडून उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत वार्षिक अंशदान मागितले होते आणि सरकारचे म्हणणे होते की हे आमच्या देखरेखीचे शुल्क आहे. न्यायालयाने पैसा कुठे जातो ते पाहिले. तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत होता, वेगळा ठेवला जात नव्हता आणि देखरेखीच्या खर्चाशी त्याचे काही नाते नव्हते. म्हणून तो कर ठरला आणि तो बसवण्याचा अधिकार त्या विधिमंडळाला नसल्याने रद्द झाला. कर म्हणजे सार्वजनिक कामासाठी कायद्याच्या जोरावर सक्तीने घेतलेला पैसा. देणाऱ्याला त्याबदल्यात काय मिळाले, हा प्रश्नच येत नाही. शुल्क म्हणजे एखाद्या विशिष्ट सेवेचा मोबदला. तिथे सेवा कोणती, तिचा खर्च किती आणि घेतलेला पैसा त्या सेवेवर गेला का, हे दाखवावे लागते.

हे नाते किती घट्ट असावे यावर न्यायालयांचे मत बदलत गेले आहे आणि ते लपवण्यात आम्हाला रस नाही. पंजाबमधल्या बाजार समित्यांच्या प्रकरणात, १९७९ मध्ये, शुल्काचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश तरी भाग त्या सेवेवर खर्च झालेला दिसला पाहिजे असे म्हटले गेले. १९८३ मध्ये आंध्रच्या व्यापाऱ्यांच्या प्रकरणात ही पकड सैल झाली. पैशाला पैसा जुळणे आवश्यक नाही, ढोबळ नाते पुरे, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा प्रत्येक घरामागे रुपयाचा हिशेब द्या, असे आम्ही मागत नाही. पण ढोबळ नाते म्हणजे नाते नसणे नव्हे. ते दाखवणारा एक कागद तरी सभागृहापुढे यायला हवा होता. तो आलेला नाही.

उपकराबद्दल दोन शब्द, कारण सभागृहात 'हा एक प्रकारचा उपकरच आहे' असेही म्हटले गेले. घटनेच्या याद्यांत उपकर बसवण्याची स्वतंत्र अशी सर्वसाधारण नोंद नाही. उपकर म्हणजे विशिष्ट हेतूसाठी घेतलेला पैसा, आणि त्याला उभे राहायला कराची किंवा शुल्काची नोंद लागतेच. आपल्याच बिलातला शिक्षण उपकर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी उपकर १९६२ च्या राज्याच्या कायद्याने येतात. ते इमारतींवरचे कर आहेत, फक्त त्यांना हेतू बांधून दिलेला आहे. तो पैसा राज्याचा. महापालिका केवळ वसूल करून पुढे पाठवणारी. याउलट बांधकाम कामगारांसाठी बांधकाम खर्चावर किमान एक टक्का घेतला जाणारा उपकर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क ठरवला, कारण तो पैसा वेगळा ठेवून कामगारांच्या कल्याणाच्या ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा आहे. नाव एकच, जात वेगळी. तेव्हा 'उपकर' म्हटल्याने तुमची अडचण सुटत नाही. प्रश्न तोच राहतो : कोणत्या कायद्याने, कोणत्या नोंदीखाली आणि पैसा कुठे ठेवणार?

आता बिलातल्या त्या ओळीविषयीच्या आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार सफाईच्या दुहेरी आकारणीची. याच बिलात सर्वसाधारण करानंतर सफाई कर आहे. शहराची झाडलोट करणे, केरकचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणे हे अधिनियमाच्या कलम ६३ खाली महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. बंधनकारक कर्तव्याचा खर्च शुल्काच्या बाजूला मांडता येतो का, याचे उत्तर १९६८ सालीच मिळाले आहे. वाराणसीच्या नगर महापालिकेने सायकलरिक्षांवरची वार्षिक परवाना फी वाढवली होती. समर्थनासाठी तिने रस्त्यांवरचे दिवे आणि गल्ल्यांची फरसबंदी यांचा खर्च दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दिवे आणि रस्ते ही तुमची कायद्याने ठरलेली कर्तव्ये आहेत, ती रिक्षावाल्यांना दिलेली खास सेवा नव्हे. तो खर्च वगळल्यावर फीला आधारच उरला नाही आणि ती रद्द झाली.

ही वजाबाकी आपल्याकडे कशी दिसेल, ते एका उदाहरणाने मांडतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. खरे आकडे तुमच्या लेखा विभागात आहेत. समजा शहरात तीन लाख निवासी मिळकती आहेत. प्रत्येकी ७२० रुपयांप्रमाणे वर्षाला २१ कोटी ६० लाख जमा होतील. घनकचऱ्याचा एकूण वार्षिक खर्च ४० कोटी धरू. सभागृहात 'खर्च ४० कोटी, शुल्क जेमतेम निम्मे' एवढेच सांगितले गेले तर ते वाजवी वाटते. पण त्या ४० कोटींतले १५ कोटी रस्ते झाडण्याचे असतील, तर ते शुल्काच्या हिशेबातून बाहेर जातात, कारण रस्ता सगळ्यांचा आहे आणि तो झाडणे हे कर्तव्य आहे. उरतात २५ कोटी, म्हणजे दारोदार संकलन, वाहतूक आणि प्रक्रिया. या कामासाठी सफाई करातून आधीच १२ कोटी येत असतील, तर ते वजा करावे लागतात. उरले १३ कोटी. तीन लाख मिळकतींत वाटले तर वर्षाला सुमारे ४३३ रुपये, महिन्याला ३६. म्हणजे या उदाहरणात ६० पैकी २४ रुपयांना सेवेचा आधार नाही आणि तेवढा भाग शुल्काच्या नावाने घेतलेला कर आहे. आपल्या शहराचे खरे उत्तर ३६ येईल की ७५, हे आम्ही सांगू शकत नाही. ७५ आले तर तसे छापून सांगा. मग दरावरचा आमचा आक्षेप आम्ही मागे घेऊ. सध्या मात्र ही वजाबाकी केल्याचे कुठेच दिसत नाही.

दुसरी तक्रार, शुल्क कोणावर लावले याची. ज्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांचा हवाला देऊन तुम्ही हे शुल्क आणले, त्यांत ते कचरा निर्माण करणाऱ्याने द्यायचे होते, आणि तेही संकलन, वाहतूक, प्रक्रिया व विल्हेवाटीचा पूर्ण किंवा काही खर्च भरून काढण्यासाठी. तुम्ही ते मिळकतीवर लावले. त्यामुळे दोन वर्षे कुलूप असलेल्या सदनिकेलाही ७२० आणि सहा माणसांच्या घरालाही ७२०. ज्या मोठ्या सोसायट्या ओला कचरा आवारातच जिरवतात आणि त्यासाठी यंत्र, माणूस, वीज यांचा खर्च स्वतः करतात, त्यांनाही तोच दर. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर त्याच नियमांनी वेगळी जबाबदारी टाकलेली असताना ती पार पाडणाऱ्याला शुल्कात काहीच सूट नाही. बंद घरावर घरपट्टी लागू शकते, कारण ती इमारतीवरचा कर आहे. बंद घरावर कचरा उचलण्याचे शुल्क लागू शकत नाही, कारण तिथे ना कचरा आहे ना सेवा.

इथे कोणी म्हणेल की जललाभ कर तरी नळाला पाणी येवो न येवो भरावाच लागतो. बरोबर आहे. उत्तर प्रदेशातल्या जलकराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितले : तो जमिनी व इमारतींवरचा कर आहे, पाण्याचे शुल्क नव्हे, म्हणून पाणी प्रत्यक्ष घेतले की नाही हा मुद्दा गैरलागू. 'नळ कोरडा, तर कर माफ' हा युक्तिवाद अनेक नागरिक करतात आणि तो टिकत नाही, हे आम्ही त्यांनाही सांगतो. पण त्या निकालाचा आधार तुम्हाला मिळत नाही, कारण उत्तर प्रदेशात तो कर विधिमंडळाच्या कायद्याने कर म्हणूनच बसवला होता. तुम्ही कर बसवलेला नाही. तसा बसवायचा असता तर अधिनियमात त्या कराची तरतूद दाखवून, कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत सभागृहात त्याचा दर ठरवावा लागला असता. तो मार्ग तुम्ही घेतला नाही, म्हणून त्या मार्गाचे फायदेही तुमचे नाहीत.

तिसरी तक्रार मागच्या दोन वर्षांच्या फरकाची. शुल्काचा दर उपविधीत ठरवायचा असतो. उपविधीचा मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती ऐकणे आणि शासनाची मान्यता घेणे हा क्रम अधिनियमाच्या कलम ४५८ आणि पुढच्या कलमांत आहे. मूळ कायद्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय असे दुय्यम विधान मागील तारखेपासून लागू करता येत नाही, हा प्रस्थापित नियम आहे. ज्या दिवसांत दरच अस्तित्वात नव्हता, त्या दिवसांचे १,४४० रुपये कोणत्या अधिकाराने मागता? आणि जो पैसा मागच्या दोन वर्षांत जमाच झाला नव्हता, त्यातून त्या वर्षांचा कचरा उचलला गेला नव्हता. तो खर्च करातूनच झाला, म्हणजे नागरिकांनी तो एकदा दिलेला आहे.

चौथी तक्रार आम्हाला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिची झळ रोज बसते आहे. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर आणि ऑनलाइन भरण्यातही, शुल्काची ओळ वगळून फक्त घरपट्टी स्वीकारली जात नाही. त्यामुळे शुल्काला हरकत असलेल्या माणसाचा निर्विवाद करही थकीत दिसतो. मुदतीआधी भरल्यावर मिळणारी सवलत जाते. शुल्क आणि फरक मिळून २,१६० रुपयांवर दरमहा ४३ रुपये २० पैसे, वर्षाला ५१८ रुपये ४० पैसे शास्ती चढते, आणि अख्खी घरपट्टी अडली तर तिच्यावरची वेगळी. शास्ती आणि जप्ती ही मालमत्ता कराच्या थकबाकीची हत्यारे आहेत. ती शुल्कालाही लागू असतील, तर अधिनियमातली किंवा मंजूर उपविधीतली तशी तरतूद बिलावर छापा.

दाद मागण्याचा रस्ताही याच घोळात हरवतो. कराविरुद्ध कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण मागणीची रक्कम आधी भरून. या शुल्काविरुद्ध कुठे जायचे? ते कर असेल तर अपील होईल, पण मग कर बसवण्याची पद्धत पाळलेली नाही. ते शुल्क असेल तर करविषयक अपिलात ते ऐकले जाईलच असे नाही. पाच-सातशे रुपयांसाठी उच्च न्यायालयात रिट करा, असे सामान्य माणसाला सांगणे म्हणजे त्याला गप्प बसायला सांगणे आहे.

आणखी एक इशारा वेळेवर द्यावासा वाटतो. पुढच्या वर्षी हे शुल्क करयोग्य मूल्याच्या टक्केवारीत लावावे, अशी सूचना चर्चेत आल्याचे ऐकतो. कोलकाता महापालिकेने मिळकतीवर नाव बदलण्याची फी मिळकतीच्या मूल्यावर आकारली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकाराशिवाय बसवलेला कर ठरवला. नाव बदलायला लागणारे काम दहा लाखांच्या घराला आणि एक कोटीच्या घराला सारखेच असते. कचऱ्याचेही तसेच आहे. घराचे मूल्य वाढले म्हणून डबा जड होत नाही. ती सूचना सभागृहात येऊ देऊ नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

उपयोगकर्ता शुल्काची ओळ घरपट्टीच्या बिलातून आणि संगणक प्रणालीतल्या कराच्या मागणीतून काढा. शुल्क घ्यायचेच असेल तर स्वतंत्र बिल, स्वतंत्र पावती, आणि त्यावर उपविधीचे नाव व मंजुरीची तारीख. हे होईपर्यंत खिडकीवर फक्त कराची रक्कम स्वीकारण्याचा लेखी आदेश आयुक्तांनी याच आठवड्यात काढावा, आणि ज्यांची सवलत केवळ या ओळीमुळे गेली, त्यांना ती परत द्यावी.

मागील दोन वर्षांचा फरक रद्द करा. ज्यांनी तो भरला आहे, त्यांची रक्कम पुढच्या घरपट्टीत वळती करा. त्यासाठी अर्ज मागवू नका, कारण भरल्याची नोंद तुमच्याकडे आहेच.

उपविधीचा मसुदा, त्यावर आलेल्या हरकती आणि शासनाच्या मान्यतेचा आदेश संकेतस्थळावर ठेवा. त्यातला एकही कागद नसेल तर शुल्क आजपासून थांबवा.

घनकचऱ्याचा खर्च तीन ओळींत प्रसिद्ध करा : रस्ते झाडणे, दारोदार संकलन व वाहतूक, प्रक्रिया व विल्हेवाट. शेजारी सफाई करातून आलेली रक्कम लिहा. शुल्काचा पैसा स्वतंत्र लेखाशीर्षात ठेवा आणि वर्षअखेरीस त्यातून किती, कशावर गेला ते छापा. शिक्षण आणि रोजगार हमी उपकराचीही जमा आणि शासनाकडे केलेला भरणा त्याच पानावर द्या, कारण तो पैसा तुमचा नाही.

बंद मिळकतींना शुल्क नको. ओला कचरा स्वतः जिरवणाऱ्या सोसायट्यांना, तेवढ्या खर्चाच्या प्रमाणात, सूट उपविधीतच लिहा. ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका.

शहरातल्या नागरिकांना आम्ही काय सल्ला देत आहोत, तेही तुम्हाला कळावे. घरपट्टी थांबवू नका, असे आम्ही सर्वांना सांगत आहोत. कराची रक्कम वेगळी घेत नसतील तर पूर्ण रक्कम भरा, पण त्याच दिवशी 'शुल्काची रक्कम हरकत राखून भरली आहे' असे पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. पत्रात मिळकत क्रमांक, पावती क्रमांक आणि शुल्काची व फरकाची रक्कम वेगवेगळी लिहा. उद्या परतावा मागायची वेळ आली तर हाच कागद लागेल.

सभागृहाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा. लेखा विभागाने आकडे आणले, तर ते तपासून वाजवी दर काढायला आम्ही विनामोबदला बसायला तयार आहोत.

आपले,
शहरातील काही करदाते, वकील आणि सनदी लेखापाल